पोच घेतली का?

(बोईसर येथे शेजाऱ्यांनी व पाड्यांवरील मंडळींनी मिळून घेतलेल्या श्रद्धांजली सभेत केलेले भाषण)

काकू, काकांची मुलं-सुना, आमच्या गल्लीतले शेजारी आणि पाड्यांवरून सकाळपासून आलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझं पाच मिनिटांत आटोपत नाही हे काकांना चांगलं ठाऊक होतं. संस्थेच्या कार्यक्रमात मी बोलायला उभा राहिलो की ते घड्याळ काढून समोर टेबलावर ठेवायचे. आज ते घड्याळ नाही, तरी मी आटोपतं घेण्याचा प्रयत्न करतो.

काका माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आणि समोर एकच ओटा. ते महसूल खात्यात कारकून होते, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मी मिशनच्या कामासाठी बोईसरला राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी मला फक्त दोन प्रश्न विचारले. पाणी किती वाजता भरता, आणि तुमच्याकडे ही पाड्यावरची माणसं कशासाठी येतात? मी सांगितलं, वनहक्काच्या दाव्यांसाठी येतात, आम्ही अर्ज भरून देतो. "बघू," म्हणाले. मी एक भरलेला अर्ज दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "याची पोच घेतली का?"

मी म्हटलं, साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो.

काका काहीच बोलले नाहीत. आतून एक कोरा कागद आणला आणि त्यावर लिहून दाखवलं: मूळ अर्ज कार्यालयाला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, ती प्रत दावेदाराच्या घरी, तिसरी प्रत आपल्या फायलीत. मी ईश्वरविद्येची पदविका घेतली आहे, समाजकार्याची शिबिरं केली आहेत. पण सरकारी टेबलावर ठेवलेल्या आणि शिक्का नसलेल्या कागदाला जन्मच मिळालेला नसतो, हे मला त्या ओट्यावर कळलं. त्यानंतर दर रविवारी सकाळी दहा वाजता काका ओट्यावर बसू लागले. चहा काकूंचा, खारी माझी.

त्यांनी किती दावे लिहिले याचा आकडा मी सांगणार नाही, त्यांना मोजदाद आवडत नसे. मी एकाच दाव्याबद्दल बोलतो. त्या बाई आज इथे मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलतो आहे. नाव घेत नाही.

2019 सालची गोष्ट. त्या वर्षी 13 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, की ज्यांचे वनहक्काचे दावे नामंजूर झाले आहेत त्यांना जमिनीवरून काढा. पाड्यापाड्यांवर घबराट झाली. 28 फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, पण पहिली बातमी जितक्या वेगाने पोहोचली तितक्या वेगाने दुसरी पोहोचली नाही. मार्चमध्ये या बाई एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. दावा त्यांच्या नवऱ्याच्या नावाने होता. नवरा दावा चालू असतानाच वारला होता. कागदावर एकच कारण होतं: पुरावा अपुरा, दावा अपात्र.

मी कागदावरची तारीख पाहिली. चार महिन्यांपूर्वीची होती. अपील करायला 60 दिवस असतात हे मला माहीत होतं. मी बाईंना सांगितलं, "मुदत गेली, बाई. आता कठीण आहे." त्या काही न बोलता उठल्या. आमच्या माणसांची हीच सवय. साहेबासारखा दिसणारा कोणी नाही म्हणाला की उठायचं.

काका ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी बाईंना थांबवलं आणि विचारलं, "हा कागद तुमच्या हातात कधी आला?"

बाई म्हणाल्या, गेल्या बाजाराच्या दिवशी. म्हणजे आठवडासुद्धा झाला नव्हता. मधले चार महिने तो कागद एका कार्यालयाच्या कपाटात पडून होता. काकांनी मला आत बोलावलं. काकूंच्या समोर बोलले नाहीत, पण आवाज कडक होता. नियमात 60 दिवस मोजायचे ते निर्णय दावेदाराला कळवल्याच्या तारखेपासून. कागदावर साहेबाने सही कधी केली त्यावरून नाही. आणि वर आणखी 30 दिवस वाढवून देण्याचा अधिकार समितीला आहे. "तुम्ही तिला घरी पाठवत होता," एवढंच म्हणाले. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीच काढतो, आज इथेसुद्धा.

मग त्यांनी पहिलं काम केलं. कागद कधी, कुठे, कोणाकडून मिळाला हे बाईंच्या शब्दांत लिहून घेतलं, त्यांचा अंगठा घेतला, त्या वेळी हजर असलेल्या दोघांच्या सह्या घेतल्या. ते अर्धं पान त्यांनी अपिलाच्या सर्वांत वर लावलं. पुढे सुनावणीत पहिला प्रश्न मुदतीचाच आला आणि त्या अर्ध्या पानावर तो तिथेच मिटला.

आता पुराव्याचं. कायदा 2006 चा, नियम 2008 चे. आदिवासी दावेदाराला दाखवायचं असतं की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती जमीन तो कसत होता. पंचाहत्तर वर्षांचा पुरावा लागतो तो इतर पारंपरिक वननिवासींना, आदिवासींना नाही. हा फरक न कळल्याने कितीतरी लोकांना उगाच आजोबांचे कागद शोधायला पाठवलं गेलं. काकांनी नियमाच्या पुस्तकात त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. कोणी कारकून वाद घालू लागला तर ते बोलत नसत, पुस्तक उघडून ते पान त्याच्यापुढे सरकवत.

काकांनी बाईंना विचारलं, घरात जुने कागद आहेत का? बाई म्हणाल्या, नाहीत. काका म्हणाले, मग पुढच्या रविवारी मीच येतो. आणि गेले. तेव्हा त्यांचे गुडघे दुखत होते. रिक्षा सोडल्यावरची पाऊणएक तासाची वाट ते तीन ठिकाणी बसत चालले. घरात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कपड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली एक पावती निघाली. जंगल खात्याने बाईंच्या नवऱ्याला अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची पावती, 1980 नंतरच्या काही वर्षांतली. बाईंनी ती दाखवायला नको म्हटलं. त्यांचा समज असा, की हा आपल्या गुन्ह्याचा कागद आहे, साहेबांनी पाहिला तर आणखी पकडतील.

काका ती पावती हातात घेऊन पडवीत बसले आणि हसले. मी त्यांना असं हसताना फार कमी वेळा पाहिलं. म्हणाले, "बाई, तुमचा नवरा त्या वर्षी त्या जागेवर शेती करत होता, हे सरकारनेच सही करून लिहून दिलंय की!"

पण लगेच दुसरी अडचण दिसली. पावतीवर नवऱ्याचं घरचं नाव होतं, मतदार यादीत वेगळं. आपल्याकडे हे घरोघरी आहे. वाराच्या नावाने हाक मारतात, शाळेत मास्तर भलतंच लिहितात, रेशनकार्डावर तिसरंच येतं. ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं वनहक्क समितीसमोर लिहून घ्यावं लागलं, आणि सोबत वंशावळ जोडावी लागली. दावेदार वारल्यामुळे वारस म्हणून बाईंचं नाव लावायचा अर्जही त्याच दिवशी लिहिला.

तिसरा पुरावा पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब. नियमांत तो पुरावा म्हणून धरला आहे, मात्र तो लेखी हवा आणि जबाब देणारा स्वतः त्या दाव्यातला नको. आम्ही कार्यकर्ते हे जबाब फार वाईट लिहितो. "मी यांना ओळखतो, ते पूर्वीपासून शेती करतात," झालं. सगळ्या जबाबांत तीच ओळ. वाचणाऱ्याला वाटतं एकाच माणसाने बसून लिहिले आहेत, आणि ते खरंच असतं. काकांनी आजोबांना जागेवर नेलं. बांधावर बसवलं आणि विचारलं, इथे काय पिकायचं? खाली भात, वर उतारावर नाचणी आणि वरई. ओहोळ कुठल्या बाजूला? आंबा कोणी लावला? केव्हापासून पाहता? आजोबांना साल सांगता येईना. मी म्हटलं, 1970 लिहू का? काका माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी आजोबांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय काम करत होता? आजोबा म्हणाले, तारापूरला विजेचा कारखाना बांधत होते, तिकडे माती उपसायला जायचो. परत येताना याचा बाप इथे राब भाजताना दिसायचा. काकांनी जबाबात हेच लिहिलं. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं हे तपासायला कोणालाही फार दूर जावं लागत नाही. साल आजोबांच्या तोंडी घालण्याची गरज पडली नाही.

सुनावणी पालघरला होती. बोईसरहून सकाळच्या गाडीने आम्ही तिघं निघालो, मध्ये एक उमरोळी, मग पालघर. डब्यात उभं राहायला जागा नव्हती. काकांनी पिशवी पोटाशी धरली होती. प्रवासभर ते बाईंना एकच गोष्ट सांगत होते: विचारलं तेवढंच बोला, आणि शेताबद्दल विचारलं तर मनसोक्त बोला. आत जायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, काका, तुम्ही चला, तुम्हाला नियम पाठ आहेत. ते बाकावरून उठले नाहीत. "मला विचारून काय करतील? शेत माझं आहे का?" बाई एकट्या आत गेल्या. वीस मिनिटांनी बाहेर आल्या. काकांनी काय झालं हे विचारायच्या आधी काय विचारलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. पोच होती.

समितीने प्रकरण पुन्हा जागा पाहण्यासाठी पाठवलं. मग करोना आला आणि सगळंच थांबलं. 2021 मध्ये पट्टा मिळाला. बाई पेढे घेऊन आल्या. मीही खूश होतो, मी फोटो काढायला फोन बाहेर काढला. काकांनी पट्टा वाचला आणि पेढा हातातच धरून बसले.

दावा तीन एकरांचा होता. पट्ट्यावर 0.48 हेक्टर लिहिलं होतं.

इथे जमलेल्या पट्टाधारकांनी हे नीट ऐकावं, कारण काका प्रत्येकाला हे शिकवत आले. आपण एकर-गुंठ्यात बोलतो, सरकार हेक्टर-आर मध्ये लिहितं. दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे म्हणजे आर. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. 0.48 म्हणजे अठ्ठेचाळीस आर, साधारण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस गुंठे, सव्वा एकरसुद्धा नाही. तीन एकर म्हणजे एकशेवीस गुंठे. बाकीचे बहात्तर गुंठे गेले कुठे?

काकांनी जागेवर जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मोजणीच्या दिवशी यंत्र घेऊन माणूस भाताच्या खाचराभोवती फिरला होता. वरचा नाचणीचा उतार त्या वर्षी पडीक ठेवला होता, जसा आपण दोन-तीन वर्षं पिकवून मग सोडतो. बघणाऱ्याला तिथे गवत दिसलं. बाई त्या दिवशी कामाला गेल्या होत्या, त्यांच्या धाकट्या मुलाने खालचीच हद्द दाखवली. कोणाची लबाडी नव्हती. नाचणीची जमीन विश्रांतीला ठेवतात हे न कळणाऱ्याला ती मोकळी रानजागाच दिसते. उपग्रहाचं चित्रही इथे फसवतं, आणि म्हणूनच नियमांत लिहिलंय की असं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून वापरावं, पुराव्याच्या जागी नाही.

त्यानंतर काकांनी एक पद्धत घातली. मोजणीची नोटीस आली की आधीच्या संध्याकाळी प्रत्येक कोपऱ्यावर दगडांचा ढीग रचायचा, त्यावर चुना टाकायचा, काठीला लाल चिंधी बांधायची. पडीक उतारावर जुने राब भाजल्याच्या, दगडी बांधाच्या, मोहा-आंब्याच्या खुणा असतात, त्या आधी आपण पाहून ठेवायच्या. मोजणाऱ्याच्या पुढे दावेदाराने स्वतः चालायचं, मागे नाही. आणि पंचनाम्यावर अंगठा करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून घ्यायचा. ज्या पाड्यांवर हे झालं तिथे फरक पडला, ते तुम्ही सांगू शकता.

काका संत नव्हते, हेही सांगतो, नाहीतर काकू घरी गेल्यावर मला बोलतील. हट्टी होते. एकदा मी आमच्या उपासनेला येणाऱ्या एका माणसाचा दावा घेऊन गेलो. फार गरीब घर. काकांनी दोन प्रश्न विचारले आणि कळलं की त्याने ती जागा 2009 मध्ये तोडून साफ केली होती. काका म्हणाले, हा दावा मी लिहिणार नाही. मी विनवलं, भांडलो, म्हटलं, दया नाही का तुम्हाला? ते म्हणाले, "याचा एक खोटा घातला, की त्या पाड्यावरचे बाकीचे खरे दावे तपासणारा संशयाने बघेल." मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ओटा एकच, त्यामुळे न बोलणं फार अवघड जायचं. सोळाव्या दिवशी काकूंनी आमच्याकडे आंबोळ्या पाठवल्या आणि मी बशी परत द्यायला गेलो. त्या माणसाला काकांनी पुढे रोजगार हमीचं जॉबकार्ड काढून दिलं. जमीन मात्र दिली नाही, आणि मला अजूनही त्या घराकडे पाहून वाईट वाटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

भावाभावांच्या वाटणीतही ते पडत नसत. म्हणायचे, तिथे कागद चालत नाही, तिथे तुमचे पंच बसवा.

शेवटच्या आजारपणात ते बोलायचे कमी. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. ते जायच्या चार दिवस आधी त्यांनी खुणेने भिंतीवरची कापडी पिशवी मागितली. तिच्यात नऊ प्रकरणं आहेत. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी लावलेली: पुढचं काय करायचं, कोणत्या तारखेच्या आत. सर्वांत वर या बाईंची फाईल आहे, बहात्तर गुंठ्यांच्या फेरमोजणीचा अर्ज. चिठ्ठीवर लिहिलंय, "पाऊस संपल्यावर, उतारावर नाचणी उभी असताना मोजणी मागणे." यंदा बाईंनी उतारावर नाचणी पेरली आहे. काल मी जाऊन पाहून आलो, कणसं भरायला लागली आहेत.

काकूंशी बोललो आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या असतील. काकांच्या खात्यातून निवृत्त झालेले त्यांचे एक मित्र पालघरहून येणार आहेत, मी आहे, आणि आपल्या पाड्यांवरच्या ज्या मुली बारावी झाल्या आहेत त्यांपैकी दोघींनी लिहायला बसायचं कबूल केलं आहे. ज्यांची फाईल पिशवीत आहे त्यांनी यावं. येताना घरात असतील ते सगळे कागद आणा, दंडाच्या पावत्यासुद्धा. चहा काकूच करणार, त्या ऐकत नाहीत. खारी मी आणतो.